जपानी मोजणी, आठवडा सहावा: आकडा नेमका ठेवायचा कुठे?

मागच्या नोंदीत 'होन'चा तक्ता पाठ झाल्याची बढाई मारली होती. लांबट वस्तू मोजायच्या: इप्पोन, निहोन, सानबोन. तक्ता अजूनही तोंडपाठ आहे. पण या आठवड्यातल्या वीस वाक्यांपैकी अकरा वाक्यांवर लाल रेघ आली, आणि त्यातल्या एकाही चुकीचा तक्त्याशी संबंध नव्हता.

पहिलंच वाक्य होतं, 'मी तीन सफरचंदं विकत घेतली.' मी लिहिलं, 'मित्त्सु रिंगो ओ काइमाश्ता'. मराठीत आकडा नामाच्या आधी येतो, म्हणून इथेही आधी ठेवला. सेन्सेईंनी मित्त्सु उचलून पुढे नेलं: 'रिंगो ओ मित्त्सु काइमाश्ता'. म्हणजे 'ओ' हा कर्माचा प्रत्यय सफरचंदालाच चिकटून राहतो, आकडा त्याच्यानंतर क्रियापदाच्या तोंडाशी येतो, आणि आकड्याला स्वतःचा प्रत्यय लागत नाही. पुढच्या वाक्यात मी जास्तच शहाणपणा करून 'रिंगो ओ मित्त्सु ओ' लिहिलं. तिथेही रेघ.

दोन दिवस हे डोक्यात बसेना. शेवटी उलगडा झाला तो भाजीवाल्यासमोर. 'दादा, कांदे दोन किलो द्या, लिंबं चार द्या.' आपण मंडईत बोलतो ते हेच! आधी वस्तू, मग आकडा, मग क्रियापद. 'तामानेगी ओ फुतात्सु कुदासाई' हे शब्दाला शब्द 'कांदे दोन द्या' आहे. तेव्हापासून वहीत प्रत्येक वाक्य आधी मंडईच्या मराठीत लिहितो आणि मग जपानीत नेतो.

आकडा आधी ठेवायचाच असेल तर मध्ये 'नो' लागतो: 'मित्त्सु नो रिंगो ओ'. हे चूक नाही, पण त्यात ती तीन सफरचंदं एक ठरलेला संच असल्यासारखी वाटतात. साध्या खरेदीला पहिलीच रचना बरी.

आता मंडईची युक्ती कुठे अडते ते सांगतो, कारण मी तिथेही आपटलो. 'तीन मित्रांना भेटलो' याचं मी उत्साहात 'तोमोदाची नि सान्निन आइमाश्ता' केलं. लाल रेघ. आकडा असा सुटा फिरू शकतो तो कर्त्याचा 'गा' किंवा कर्माचा 'ओ' लागलेल्या नामाचा. 'नि' आणि 'दे'च्या बाबतीत त्याने नामाजवळच राहायचं: 'सान्निन नो तोमोदाची नि आइमाश्ता'. गंमत म्हणजे आपल्या कानालाही हे आधीच ठाऊक आहे. 'लिंबं चार घेतली' खपतं, पण 'मित्रांना तीन भेटलो' म्हणून बघा, जीभ अडखळते. जिथे मराठी वाक्य लंगडतं, तिथे मी जपानी वाक्यही थांबून तपासतो. हा काही व्याकरणाचा नियम नाही, फक्त धोक्याची घंटा आहे.

वेळेच्या बाबतीत मात्र आपलं मराठी भलतंच उपयोगी पडलं. 'तीन तास अभ्यास केला' यात तासाला प्रत्यय नाही, जपानीतही नाही: 'सानजिकान बेन्क्यो शिमाश्ता'. 'तीन तासांत संपवलं' म्हटलं की 'त' येतो, आणि तिकडे 'दे': 'सानजिकान दे'. फक्त 'आठवड्यातून दोनदा' इथे फसलो. आपला 'तून' पाहून मी 'कारा' लावला, पाहिजे होता 'नि': 'इश्शूकान नि निकाई'.

सगळ्यात आवडलेला प्रत्यय 'मो'. 'एन्पित्सु गा इप्पोन मो आरिमासेन' म्हणजे 'पेन्सिल एकही नाही'. आपला 'ही' आणि त्यांचा 'मो' अगदी एकाच जागी. हे वाक्य मला पाठ करावं लागलंच नाही.

तक्त्याबद्दल एकच भर. 'होन', 'हाई' (पेले) आणि 'हिकी' (लहान प्राणी) तिनाला 'ब' घेतात: सानबोन, सानबाई, सानबिकी. त्याच तालात मी मिनिटांना 'सानबुन' म्हणालो. ते 'सानपुन' आहे, आणि चार मिनिटंही 'योनपुन'. मिनिटांचा तक्ता वेगळ्या पानावर लिहून काढला, 'होन'च्या शेजारी ठेवायचाच नाही.

सध्याचा सराव स्वयंपाकघरात चालतो. रात्री जेवणाआधी समोर असेल ते मोजून पूर्ण वाक्यात म्हणायचं. पोळ्या चपट्या, म्हणून 'माई'. यात उच्चार कुठेच बदलत नाही, पोळ्या कितीही असोत. केळी 'होन'. चहा 'हाई'. माणसं 'हितोरी, फुतारी' आणि तिसऱ्यापासून 'सान्निन'. आपलं दोघे-तिघे-चौघे निदान चारपर्यंत टिकतं, त्यांचं दोनातच संपतं. काल आईने विचारलं, 'पोळ्या किती वाढू?' मी 'निमाई' म्हणालो आणि एकही मिळाली नाही. इचिमाई मो.

आज आमटीत शेवग्याच्या शेंगा आहेत. माझ्या वाटीत सहा आल्या: रोप्पोन.