टीएंना पाठवलेला तो ईमेल

हॅश टेबलची असाइनमेंट जमा करून आठवडा झाला होता. रात्री टीएंचा ईमेल आला: तुमचं आणि आणखी एका विद्यार्थ्याचं `insert` फार सारखं आहे, ते कसं लिहिलंत ते कळवा. वाचून हातपाय गार पडले. मी फाइल उचलली नव्हती, पण सगळं माझ्या एकट्याच्या डोक्यातून आलं होतं असंही नव्हतं.

पहिला मसुदा रागातच लिहिला. ‘कोड माझाच आहे, व्हेरिएबलची नावं बघा, वेगळी आहेत.’ मग तो पुसला. मॉससारखी साम्य शोधणारी साधनं नावांकडे बघतच नाहीत, आणि टीएंना खटकलं होतं ते वेगळंच. आमच्या दोघांची चूकही एकच होती:

```c
if (t[i].state == DELETED) {
    t[i].key = key;
    t[i].state = USED;
    return;
}
```

सात जागांचं टेबल घ्या. आकड्याला 7 ने भागून उरणारी बाकी ही त्याची जागा, ती भरलेली असेल तर त्यापुढची. 3, 10 आणि 17 घातले की ते जागा 3, 4, 5 वर बसतात. 10 काढला की जागा 4 वर ‘डिलीटेड’ अशी खूण राहते. आता 17 पुन्हा घातला तर तो पुढे न बघता जागा 4 वर बसतो, म्हणजे 17 दोनदा होतो. एकदा काढला तरी शोधल्यावर सापडतोच. अशी चूक दोघांनी वेगवेगळी केली, हे कोणाला पटणार?

मग `git log -p -- hash.c` उघडून बसलो. हॅश फंक्शन आणि टेबल वाढवण्याचा भाग तीन दिवसांत थोडा थोडा झाला होता. `insert` मात्र एकाच कमिटमध्ये अख्खं आलं होतं. ते संशयास्पद दिसतं हे मला दिसत होतं, म्हणून ते मीच ईमेलमध्ये लिहिलं:

‘सर, मित्राने फळ्यावर `insert` ची आकृती काढून समजावलं. मी तिचा फोटो काढला आणि घरी तो समोर ठेवून कोड लिहिला. त्याची फाइल मी पाहिली नाही, पण पायऱ्या त्याच्याच आहेत आणि चूकही त्या आकृतीतलीच आहे. README मध्ये मी हे नोंदवायला हवं होतं, ते केलं नाही. बाकीचा कोड माझा आहे. फोटो आणि कमिटची यादी जोडली आहे. फळ्यावर विचारलंत तर समजावून सांगेन.’

पाठवण्याआधी मित्राला फोन करून मजकूर वाचून दाखवला. त्याच्यावरही हे येणार होतं. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, “पाठव. खरं तेच आहे.”

टीएंनी दोघांना वेगवेगळं बोलावलं. वरचंच उदाहरण मला फळ्यावर सोडवायला लावलं. `insert` चे गुण गेले, बाकीचे राहिले.

घरी येऊन ते फंक्शन पुन्हा लिहिलं. पहिली डिलीटेड जागा लक्षात ठेवायची, रिकामी जागा येईपर्यंत पुढे शोधत जायचं, आणि आकडा कुठेच सापडला नाही तरच मागे येऊन त्या जागेवर ठेवायचा.