पणजोबांचं मोडीतलं पत्र फोटोवरून वाचलं, माझा अनुभव

चुलतभावाने पणजोबांनी थोरल्या भावाला लिहिलेल्या पत्राचा फोटो व्हॉट्सॅपवर टाकला, शाई फिकट तपकिरी आणि मागच्या पानाची अक्षरं पुढे आरपार दिसत होती. मी त्याला सांगितलं पत्राखाली काळा कागद ठेव, खिडकीच्या उजेडात परत फोटो काढ आणि डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर व्हॉट्सॅप फोटो पार दाबून टाकतं. मग फोटोतला फक्त निळा चॅनल वेगळा काढला. तपकिरी शाई निळा उजेड खाते म्हणून त्यात ती जास्त काळी दिसते. कागदावरचे डाग पण काळे होतात, म्हणून मूळ रंगीत फोटो शेजारी उघडा ठेवायचाच.

आता वाचन. मोडीत आधी आडवी रेघ ओढून त्याखाली हात न उचलता लिहीत जायचे, शब्दांमधे जागा नाही, पूर्णविराम नाही, र्‍हस्व-दीर्घाचा फरक नाही आणि अनुस्वार तर कित्येकदा गायबच. छापील मोडी तक्ता घेऊन एकेक अक्षर जुळवत बसलं की डोकं दुखतं, कारण प्रत्येकाचा हात वेगळा. त्यापेक्षा पत्राचा मायना बघा, तो ठरलेला असतो: तीर्थस्वरूप, सेवेसी, साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. तिथे काय लिहिलंय हे आधीच माहिती असतं, त्यामुळे त्यातले स, व, न, त कापून पणजोबांच्या हाताचा स्वतंत्र तक्ता केला आणि मग खालचं सुटायला लागलं.

खरी मजा हिशोबात आली. शेवटी जोंधळे, गूळ, गाडीभाडे असं लिहून पुढे आकडे होते, गूळ २। आणि भाडे १। म्हणजे सव्वादोन आणि सव्वा रुपया, उभी रेघ एक असली तर पाव, दोन असल्या तर अर्धा, तीन म्हणजे पाऊण. जोंधळ्यापुढे ४ आणि एकच रेघ दिसत होती, पण तिच्या शेजारी कागद घडीवर झिजलेला. सव्वाचार धरले तर बेरीज पावणेआठ येते आणि खाली तर एकूण स्पष्ट ८ लिहिलंय. म्हणजे दुसरी रेघ घडीत गेली, आकडा ४॥ असाच पाहिजे, साडेचार! काका म्हणाले, "अरे, बेरीज पणजोबांची चुकली असेल." म्हटलं असेल, पण झूम केल्यावर घडीच्या कडेला शाईचा बारीक ठिपका रेघेच्या उंचीवरच आहे.

तारीख माघ शुद्ध ७, शके १८४१. शकात ७८ मिळवून सगळे १९१९ म्हणत होते, पण माघ जानेवारी-फेब्रुवारीत येतो, तेव्हा इंग्रजी साल बदललेलं असतं आणि शक बदलायला चैत्र यावा लागतो, म्हणून ७९ मिळवायचे, १९२०. देवनागरी प्रत ग्रुपवर टाकलीये, जिथे अक्षर अंदाजाने लावलंय तिथे चौकोनी कंस केलेत, कोणी उतरवून घेतलं तर ते कंस काढू नका.