जालना ते लातूर: पोती किती, यापेक्षा ती कुठे रचली

जालन्याहून डीएपीची 220 पोती, म्हणजे 11 टन खत, बीड आणि लातूरला पोहोचवायचे होते. ट्रक दोन एक्सलचा, रिकामा असताना पुढच्या एक्सलवर 3.4 आणि मागच्यावर 3.1 टन भरणारा. एकूण 17.5 टन झाले आणि 2018 पासूनची मर्यादा 18.5 टनांची आहे, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. हमालांनी पोती हौद्यात पुढून मागपर्यंत सारखी पसरली होती. काट्यावर आधी फक्त पुढची चाके आणि मग पूर्ण गाडी चढवली, तेव्हा पुढे 5,460 आणि मागे 12,040 किलो निघाले. मागच्या चार चाकांच्या एक्सलची मर्यादा 11.5 टन, पुढच्याची 7 टन. म्हणजे एकूण वजन नियमात असूनही मागचा एक्सल सुमारे 540 किलोंनी जास्त होता.

हिशेब तराजूच्या दांडीचाच आहे. मालाचा मध्य मागच्या एक्सलच्या जितका पुढे, त्या अंतराला दोन्ही एक्सलमधल्या अंतराने भागले की मालाचा पुढे जाणारा हिस्सा मिळतो. आमच्या गाडीत दोन्ही एक्सलमधले अंतर 4.8 मीटर आहे आणि हौद्याचा मध्य मागच्या एक्सलपुढे अवघा 0.9 मीटर, म्हणून 11 टनांतले जेमतेम 2 टन पुढे गेले. दोन्ही मर्यादा पाळायच्या तर हा मध्य 1.14 ते 1.57 मीटरमध्ये हवा. 12 टन भरले असते तर तो नेमका 1.44 मीटरवरच ठेवावा लागला असता.

लातूरची 120 पोती केबिनकडच्या फळीला लागून, मध्य 2.6 मीटरवर येईल अशी, आणि बीडची 100 पोती त्यांच्यामागे, मध्य एक्सलच्या 20 सेंटिमीटर मागे येईल अशी रचायला सांगितली. शेवटचा मीटरभर हौदा मोकळा राहिला, तो पाहून हमाल हसले. पुन्हा काटा केला तेव्हा पुढे 6.44, मागे 11.06 टन.

गेवराईमार्गे बीडला 5 टन उतरवल्यावर गाडी हलकी झाली, तरी पुढचा एक्सल मात्र 6.65 टनांवर गेला, कारण एक्सलमागचा माल पुढचा भाग किंचित उचलून धरत होता. याच्या उलट, बीडला पुढची 6 टन पोती आधी उतरवली असती आणि मागची 5 टन पोती तशीच राहिली असती, तर पुढे रिकाम्या गाडीपेक्षाही कमी, 3.19 टन उरले असते आणि मांजरसुंब्याच्या घाटात स्टिअरिंग हलके लागले असते. त्यामुळे दोन ठिकाणी माल उतरवायचा असेल, तर प्रत्येक थांब्यानंतरचा हिशेब निघण्यापूर्वीच करावा.

मागच्या एक्सलच्या रेषेवर हौद्याच्या फळीला रंगाचा पट्टा मारून ठेवावा. टेप तिथूनच धरायचा. काट्यावर एकेक एक्सल तोलताना गाडी सपाट उभी असावी, उतारावर आकडे फसवतात. अंबाजोगाईला जेवण चांगले मिळाले, पण ब्रेकने पोती पुढे सरकली नाहीत ना, हे जेवणाआधी पाहिले.