थंब लागत नाही

जेवणानंतरच्या पेंगुळलेल्या दुपारी एचआरचा निरोप येतो, 'ॲन्युअल डेचं स्किट यंदा तुम्ही लिहा. आठ मिनिटांचं. आणि हो, कुणी दुखावलं जायला नको.' आठ मिनिटं म्हणजे पाच-सहा पानं, फार तर. हशा आला की नटाला थांबावं लागतं. दहा पानं लिहिली तर शेवट कापला जातो, आणि नेमका पंच तिथेच असतो.

विषय दारातच लटकलेला असतो, थंब मशीन. पहिला खर्डा बहुतेकांचा सारखाच उतरतो: कर्जतहून येणारा एकजण रोज उशिरा, रोज नवी सबब. हशा हमखास. पण तो माणूस तिसऱ्या रांगेत बायकामुलांसह बसलेला असतो आणि त्याचं अप्रेझल लिहिणारे पहिल्या रांगेत. तेव्हा प्रसंग तोच ठेवायचा, खापर फक्त मशीनवर फोडायचं. गडी ९.२८ला पोचलाय. डोक्यात खोका घातलेला नट म्हणतो, 'पुन्हा प्रयत्न करा.' हा अंगठा पुसतो, शर्टाला घासतो, फुंकर मारतो. 'पुन्हा प्रयत्न करा.' ९.३१ झाले की मशीन गोड आवाजात, 'धन्यवाद. हाफ डे.' मग अकराला साहेब येतात, दोन्ही हातांत फोन. मशीन नुसत्या कोपरावर खूश: 'गुड मॉर्निंग, सर!' टोला वरच्या दिशेने गेला की मागच्या रांगांतून शिट्ट्या येतात. साहेबांचं काम साहेबांनीच केलं तर उत्तम. मात्र वाक्य एकच द्यावं, पाठ करायला त्यांना वेळ नसतो.

नावं बदलून भागत नाही. पात्राचं नाव काहीही ठेवा, ते तीनदा 'नोटेड, नोटेड' म्हणालं की सगळ्या माना एकाच खुर्चीकडे वळतात. म्हणून खर्डा दुसऱ्या डिपार्टमेंटच्या कुणाला तरी वाचून दाखवावा आणि विचारावं, हा कोण वाटतो? दोघातिघांनी एकच नाव घेतलं, तर त्या माणसाला एकट्याला गाठून विचारायचं. चारचौघांत विचारलं तर नाही म्हणायची सोय त्याला उरत नाही. तो 'चालेल हो' म्हणून पुन्हा स्क्रीनकडे बघू लागला, तर ते वाक्य काढावं. लकब चालते; बोलण्याचा हेल, वजन, टक्कल, सहा वाजता पाळणाघराकडे पळणारी आई, हे नाही. त्यांना वाईट वाटलं तरी हसावंच लागतं.

एवढं करूनही घात होतो तो ऐनवेळी. पहिल्या हशाने चढलेला नट पदरचं वाक्य घालतो, आणि तेच गावभर होतं. यावर एकच इलाज: हातात माइक दोनच द्यायचे, आणि आगाऊ नटाला मशीन करायचं. खोक्यातून फारसं सुचत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कुणीतरी घुश्शात विचारतंच, 'आमचं डिपार्टमेंट का नव्हतं?' आता याला काय करणार!