सुट्टीतली वेळ

लेकीला गाण्याच्या क्लासवर सोडायला गेलो होतो. दाराच्या काचेवर आतून एक कागद चिकटवला होता. मॅडमचं अक्षर सुरेख, पण कागद वहीतून फाडलेला, कडेला भोकं तशीच. मजकूर साधा होता. १ मेपासून १० जूनपर्यंत संध्याकाळचे वर्ग सकाळी सव्वासात ते साडेआठ भरतील. आठवड्यातून तीनऐवजी दोन दिवस, मंगळवार आणि शुक्रवार. परीक्षेला बसणाऱ्यांचे वर्ग परीक्षा होईपर्यंत पूर्वीसारखेच. फी तीच राहील. ज्यांना सकाळी जमणार आहे त्यांनी खाली नाव लिहावं. शेवटची ओळ ठळक होती आणि तिच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या : वर्गाला येताना कलिंगड खाऊन येऊ नये.

कलिंगडाचं काय झालं असेल ते मी विचारलं नाही. पण हिशेब मात्र लगेच केला, कारण मी तसा माणूस आहे. आधी तीन दिवस, एकेक तास, म्हणजे तीन तास. आता दोन दिवस, सव्वा-सव्वा तास, म्हणजे अडीच. अर्धा तास गेला आणि फी तीच. शेजारी उभ्या असलेल्या एका आईनंही तोच हिशेब केला असावा. आम्ही एकमेकांकडे बघून कसंनुसं हसलो आणि गप्प बसलो. गाण्याच्या मास्तरांशी फीबद्दल बोलायचं नसतं, हे आपल्याकडे कुणी शिकवत नाही, पण सगळ्यांना येतं.

घरी येताना मात्र डोक्यात अर्धा तास राहिला नव्हता. सव्वासात राहिले होते. संध्याकाळचा वर्ग सकाळी गेला. मग संध्याकाळच्या भूप रागाचं काय होणार?

मी गाणं शिकलो मिरजेत, आणि तेही नीट शिकलो नाही. पण मिरजेत राहून अजिबात गाणं न शिकणं कठीण होतं. गल्लीच्या टोकाला भोपळे वाळत घातलेले असत, तंबोऱ्यांसाठी. आमच्या बाईंचा वर्ग वाड्याच्या सोप्यावर संध्याकाळी साडेपाचला भरायचा. सतरंजी, दोन पेट्या, भिंतीला टेकवलेला तंबोरा आणि एक तबला. शाळा सुटली की दप्तर टाकायचं, चहाबरोबर दोन बिस्किटं खायची आणि वर्गाला जायचं. वर्षभर तीच वेळ, म्हणून वर्षभर तेच राग. भूप, यमन, दुर्गा, काफी. वहीतलं प्रत्येक पान संध्याकाळचं. आम्हाला वाटायचं राग म्हणजे हेच, जसं लहानपणी वाटतं की भाजी म्हणजे बटाट्याची.

मे महिन्यात बाई वर्ग सकाळी सातला घ्यायच्या. कारण साधं होतं. सोप्यावर पत्रा होता, आणि पाच वाजता तिथं पापड वाळवता आले असते. शिवाय कोरड्या उन्हात तबल्याची पुडी ताणली जाऊन सूर चढायचा. मास्तर येऊन गजऱ्याला खालून हातोडीनं ठोकत तो उतरवत बसायचे, आणि पेटीशी जुळला म्हणेपर्यंत पुन्हा चढलेला असायचा. पंखा लावावा तर वह्यांची पानं उडायची. म्हणून सकाळ.

त्या पहिल्या सकाळी मी डोळे चोळत बसलो, वही उघडली आणि नेहमीच्या सवयीनं भूपाची सरगम सुरू केली. सा रे ग, प ग, रे ग रे सा. बाईंनी पेटीच्या भात्यावर हात ठेवून तो मिटला. हवा फुस्स करून गेली.

"आत्ता कुठं ऊन आलंय अंगणात. दिवेलागण कुठली करतोस?"

मला काही कळलं नाही. मग त्यांनी तेच पाच सूर पुन्हा वाजवले. सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही, सगळे शुद्ध. भूपातले होते तेच, एकही पट्टी इकडची तिकडं नाही. पण त्या सुरू झाल्या वरून. ग प ध, ध प, ग प ध प, ग रे सा. मग म्हणाल्या, हा देशकार.

मी मुलांमध्ये हुशार गणला जायचो, त्यामुळे लगेच आक्षेप घेतला. सूर तेच तर राग तोच. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, गंधारावर उभा राहू नको. बाजारात ओळखीचा माणूस भेटला तर काय करतोस? नमस्कार करतोस आणि पुढं जातोस. गंधाराशी तेवढंच. तुला थांबायचंय धैवतावर, आणि तिथून यायचंय पंचमावर. रिषभालाही नुसता हात लावायचा, बसायचं नाही.

मग त्यांनी एक खेळ काढला. आम्ही पाच-सहा जण डोळे मिटून आळीपाळीनं चार आवर्तनं गायचो. ज्याचा गंधार लांबला, त्याला सगळे ओरडून सांगायचे, "भूप आला!" त्यानं उठून माठातलं पाणी आणायचं. मी त्या मे महिन्यात बरंच पाणी आणलं. वर्षभर ज्या सुरावर बसायला शिकवलं, त्याच्यावर बसायचं नाही हे गळ्याला पटेना. भूपात तो गंधार इतका आरामाचा असतो, की गळा आपणहून तिथं जाऊन बसतो, दुपारचं मांजर खुर्चीवर बसतं तसं.

पुढं मोठेपणी कळलं की संगीताचं शास्त्र लिहिणारे भातखंडे यांनी हे सगळं नियमात बसवून ठेवलं आहे. सप्तकाचे दोन भाग करायचे. मुख्य सूर, म्हणजे वादी, खालच्या भागात असेल तर राग साधारण दुपारनंतरचा आणि संध्याकाळचा. वरच्या भागात असेल तर पहाटेचा आणि सकाळचा. भूपाचा वादी गंधार, म्हणून तो संध्याकाळी. देशकाराचा धैवत, म्हणून तो सकाळी. त्यांनी दोघांना थाट, म्हणजे रागांचे गट, तेही वेगळे दिले, भूपाला कल्याण, देशकाराला बिलावल, जरी दोघांच्या पाच सुरांत बोटभरही फरक नाही. अभ्यासू लोक यावर वाद घालतात आणि घालोत. गंमत म्हणजे मिरजेपासून जरा खाली दक्षिणेत गेलं, की कर्नाटक संगीतात हेच पाच सूर मोहनम् म्हणून गातात, आणि तिथं वेळेचं एवढं सोवळं नसतं. आमच्या वाड्यात शेजारी एक कानडी आजी होत्या. त्या कुठल्याही वेळी मोहनम् गुणगुणायच्या आणि बाई कधीच काही म्हणायच्या नाहीत. ते वेगळं घर होतं.

सकाळच्या वर्गात आणखी एक गोष्ट बदलायची, ती म्हणजे पट्टी. संध्याकाळी आम्ही काळी चारला गायचो. सकाळी बाई काळी तीनला घ्यायच्या आणि पहिला पाव तास नुसता खर्ज. सा, खाली नि, ध, प, लांब आणि सावकाश, एकेका श्वासात एकेक सूर. झोपेतून उठलेला गळा जड असतो. त्याला लगेच वरच्या सा पर्यंत पळवलं तर तो दिवसभर खरखरतो. संध्याकाळी ही गरज पडत नाही, कारण तोपर्यंत आपण दिवसभर बोलून, भांडून गळा तापवलेला असतो. वर्ग लांबला तो याच पाव तासानं, हे मला आत्ता लिहिताना लक्षात येतंय. सव्वा तासातला पाव तास खर्जाला, मग उरला तास तो तासच. तेव्हा मॅडमचा हिशेब कदाचित माझ्यापेक्षा पक्का असावा. फीबद्दल मनात आलेले शब्द मी परत घेतो, मोठ्यानं बोललोच नव्हतो तरी.

वेळ बदलली की राग बदलतात, हे फक्त आमच्या सोप्यावर घडलं असं नाही. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालतो. तो एके काळी रात्र-रात्र चालायचा, घोंगड्या घेऊन माणसं बसायची आणि पहाटेचे राग पहाटे ऐकायची. मग रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद असा कायदा आला. महोत्सव दुपारी सरकला. मध्यरात्रीचा मालकंस घड्याळाआधीच गावा लागू लागला, आणि दुपारी उन्हात पोचलेल्यांना मुलतानी, भीमपलासी मात्र भरपूर ऐकायला मिळू लागले. कुणी मुद्दाम ठरवलं नव्हतं. एक नोटीस लागली एवढंच.

आठवड्यातला एक दिवस कमी झाला त्याचं मला जास्त वाटतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे वर्ग असले की मधल्या एक-दोन दिवसांत मूल फार बिघडू शकत नाही. शुक्रवारनंतर एकदम मंगळवार म्हणजे मधे तीन दिवस, त्यात मामाचं गाव, लग्न, आमरस. पलटे विसरायला तीन दिवस फार होतात. देशकार असेल तर आणखी कठीण. तीन दिवस घरी कुणी टोकलं नाही, तर मंगळवारपर्यंत त्याचा भूप झालेला असणार, आणि गाणाऱ्याला ते कळतही नाही. सूर बेसूर झाला तर कान पटकन सांगतो. सूर सुरेल राहून राग बदलला तर आपल्यालाच बरं वाटत राहतं.

काल क्लासवर आणायला गेलो तेव्हा मी मॅडमना विचारलंच. सकाळी देशकार घेणार का, मुलांना एरवी तो कधी मिळणार? त्या पेटीला पांघरूण घालत होत्या. थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "अहो, पहिल्या आठवड्यात निम्मी मुलं झोपेतच असतात. भैरव घ्यायचा विचार आहे. पण आधी सा लागू दे."

हे बरोबरच होतं. मी मान डोलावली. दारावरच्या कागदाखाली दोऱ्याला बांधलेली पेन्सिल लोंबत होती. लेकीचं नाव लिहायला वाकलो तर तिनं हात धरला.

"बाबा, सव्वासातला कोण उठवणार?"

"मी."

"तुम्ही तर आठला उठता."

नाव लिहिलं. यादीत आमचं पाचवं. चौथं नाव कुणीतरी खोडून पुन्हा लिहिलेलं होतं.