तेल कमी पडलं आणि इंजिन सीझ झालं: माझा अनुभव

माझी मोटरसायकल एका सिलिंडरची, दीडशे सीसीची. इंजिनात साधारण 950 मिली तेल बसतं. तेल बदलून 2,800 किलोमीटर झाले होते आणि पुढचा बदल अजून लांब आहे म्हणून मी पातळी बघितलीच नव्हती. गाडीखाली कधी तेलाचा थेंब दिसला नव्हता, त्यामुळे तेल आहे असं मी धरूनच चाललो होतो. पण तेल गळत नव्हतं, जळत होतं.

खुणा महिनाभर दिसत होत्या. सकाळी गाडी सुरू केली की वरच्या बाजूने, हेडमधून, चार-पाच सेकंद टकटक यायची आणि थांबायची. पंप तेल खालून उचलतो आणि कॅम व रॉकरपर्यंत ते सगळ्यात शेवटी पोचतं. पातळी उतरली की हा उशीर वाढतो आणि तेवढा वेळ ते भाग कोरडे घासतात. मला वाटलं टॅपेट सेट करायला झाले असतील. दुसरी खूण धुराची. उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा दिला की मागे निळसर धूर निघायचा. व्हॉल्व्हचे सील कडक झाले की तेल तिथून खाली झिरपतं आणि जळतं. धूर क्षणभराचा असायचा, म्हणून तोही मी सोडून दिला. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. माझ्या गाडीला तेलाचा दिवाच नाही. ज्या गाड्यांना असतो त्यांच्यातही तो बहुतेक वेळा तेलाचा दाब दाखवतो, पातळी नाही. तो पेटेपर्यंत बेअरिंगा उपाशी राहायला सुरुवात झालेली असते.

त्या दिवशी लांबचा रस्ता होता, तासभर सलग एकाच वेगात. मग एक मोठा चढ लागला. आधी गुडघ्याच्या आतल्या बाजूला नेहमीपेक्षा जास्त धग जाणवली. मग गाडी ओढेना. थ्रॉटल तेवढाच, पण कुणीतरी मागचा ब्रेक हलका दाबून धरल्यासारखं वाटत होतं. पाठोपाठ बारीक चरचर ऐकू आली आणि इंजिन बंद पडलं. मागचं चाक क्षणभर घसटलं. हात आपोआप क्लचवर गेला म्हणून मी पडलो नाही. चालत्या गाडीत असं झालं तर आधी क्लच दाबायचा, बाकी सगळं नंतर.

पुढे जे केलं त्याचीच मला सगळ्यात जास्त किंमत मोजावी लागली. वीस मिनिटं गाडी थंड होऊ दिली आणि किक मारली, तर किक सहज फिरली. दुसऱ्या किकला गाडी सुरूही झाली. याचं कारण मला नंतर कळलं. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि माझ्या सिलिंडरचं अस्तर बिडाचं. तापल्यावर ॲल्युमिनियम जास्त फुगतं. दोघांमधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांएवढीच असते. तेलाचा थर गेला आणि उष्णता वाढली की पिस्टन भिंतीला चिकटतो, निवला की आकसून सुटतो. पण सुटला म्हणजे वाचला असं नाही. त्याच्या अंगावरचं ॲल्युमिनियम भिंतीवर लागलेलं असतं. मी तशीच गाडी चार किलोमीटर चालवली आणि ती दुसऱ्यांदा जाम झाली. या वेळी थंड झाल्यावरही किक हलली नाही.

टेम्पोत घालून गाडी मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी किकला हातही लावला नाही. आधी क्लच दाबून गाडी ढकलून बघितली. चाक फिरलं, म्हणजे गिअरबॉक्स मोकळा होता आणि जे अडकलं ते इंजिनातच. मग स्पार्क प्लग काढून भोकातून दोन-तीन चमचे डिझेल आणि तेल यांचं मिश्रण सोडलं आणि गाडी रात्रभर ठेवली. सकाळी वरचा गिअर टाकला आणि मागचं चाक हाताने थोडं पुढे, थोडं मागे असं हलवत राहिले. वरच्या गिअरमध्ये चाकाचा जोर इंजिनावर सगळ्यात जास्त पोचतो, आणि हाताने करताना कुठे अडतं तेही कळतं. पंधरा-वीस मिनिटांनी एक जोरदार झटका बसून क्रँक फिरला.

“धक्का मारून सुरू करायला गेला असता तर रॉड वाकला असता,” ते म्हणाले.

मग तेल काढलं. मापात जेमतेम 250 मिली आलं. काळं, पातळ आणि उन्हात धरल्यावर त्यात चंदेरी कण लकाकत होते. काकांनी त्यातून चुंबक फिरवलं. बहुतेक कण चिकटले नाहीत, म्हणजे ते ॲल्युमिनियमचे, पिस्टनचे. पण चुंबकाच्या टोकाला काळी लव लागली होती. ते पोलाद कुठून आलं, हा पुढचा प्रश्न होता.

हेड आणि सिलिंडर उतरवल्यावर पिस्टनच्या पुढच्या अंगाला उभे ओरखडे दिसले आणि एक रिंग खाचेत रुतून बसली होती. सिलिंडरच्या भिंतीवरून मी नख आडवं फिरवलं तर ते अडलं. नख अडत नसेल तर भिंतीवरचं ॲल्युमिनियम साफ करून, हलकं होनिंग करून, नवा पिस्टन आणि रिंगा घालून भागू शकतं. अडलं तर बोअर मोठाच करावा लागतो. दोन्ही वेळांमधला फरक इथेच असावा असं मला वाटतं. पहिल्यांदा थांबलो असतो तर कदाचित नख अडलं नसतं.

इंजिन वाचणार की नाही हे ठरवणारी तपासणी यानंतरची. काकांनी कनेक्टिंग रॉड दोन बोटांत धरला, क्रँक वर आणून रॉड खाली-वर ओढला. तो बाजूला थोडा हलला, तेवढं चालतं. खाली-वर मात्र अजिबात हलला नाही. तिथे टक् असा आवाज आला असता तर क्रँकचं बेअरिंग गेलं असं समजायचं, आणि मग अख्खं इंजिन फोडावं लागलं असतं. चारचाकीत तेल संपल्यावर बऱ्याचदा हेच होतं. बेअरिंगचे कवच क्रँकला चिकटून फिरतात, क्रँक ओरबाडला जातो. तो घासून दुरुस्त होईल की नाही ते मोजूनच ठरतं. रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला असेल तर काही उरत नाही.

पोलादाचे कण कॅमचे निघाले. त्याच्या टोकावर खड्डे पडले होते आणि रॉकरचा गुळगुळीत भाग खरवडला होता. सकाळची टकटक तिथलीच.

बोअर अर्धा मिलिमीटर मोठा करून त्या मापाचा पिस्टन आणि रिंगा घातल्या. आतून निकलचा लेप असलेला सिलिंडर असता तर हे जमलं नसतं, तो बहुतेक वेळा बदलावाच लागतो. कॅम, दोन्ही रॉकर आणि व्हॉल्व्हचे सील नवे टाकले. तेलाचा पंप उघडून धुतला, जाळीत अडकलेले कण काढले. सील बदलले नसते तर नवं तेलही त्याच वाटेने गेलं असतं.

पहिले 500 किलोमीटर अर्ध्याच थ्रॉटलवर, वेग बदलत चालवली आणि मग तेल काढलं. ते मी मापून बघितलं, 940 मिली निघालं. आता दर रविवारी गाडी सरळ उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाचेक मिनिटं थांबून पट्टी बघतो, म्हणजे वर गेलेलं तेल खाली उतरलेलं असतं. त्यानंतर 1,800 किलोमीटर झाले आहेत. पातळी वरच्या खुणेपासून केसभर उतरली आहे, आणि सकाळी हेडमधून काही आवाज येत नाही.