कांद्याच्या मुळाची स्लाइड, नोंद सहावी: सतरा क्रमांकाची पेशी

मागच्या नोंदीत मी लिहिले होते की समसूत्री विभाजनाच्या अवस्था ओळखण्यात आता फारशी अडचण राहिलेली नाही. ते विधान मी मागे घेत आहे. या महिन्यात इंदूरच्या चोइथराम मंडीतून आणलेल्या कांद्यांच्या मुळांची नवी स्लाइड केली आणि तिच्या एकाच छायाचित्रातल्या एका पेशीने मला दोन वेळा नाव बदलायला लावले, म्हणून ही नोंद मुख्यतः त्या पेशीबद्दल आहे.

तयारी नेहमीचीच आहे. सकाळी मुळांची टोके कापून तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसेटिक ॲसिड यांच्या मिश्रणात एक दिवस ठेवली, मग १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ६० अंश सेल्सिअसला पाच मिनिटे ठेवून पेशींना एकमेकींशी चिकटवणारा थर सैल केला. त्यानंतर टोकाकडचा जेमतेम दोन मिलिमीटर भाग ॲसेटोकार्मिनने रंगवून कव्हरस्लिपखाली अंगठ्याने सरळ दाबला. चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हखाली मोजलेल्या ४१२ पेशींपैकी ३७ विभाजनात होत्या आणि त्यांतल्या २१ पूर्वावस्थेत. पूर्वावस्थेचा आकडा मात्र सैल समजावा, कारण केंद्रकातले जाळे नुसते दाट झाले आहे की त्यातून सुटे धागे दिसू लागले आहेत, ही सीमा माझ्या डोळ्यांनी ठरवलेली आहे.

खरी अडचण तुर्काची, म्हणजे पेशीच्या दोन टोकांच्या ध्रुवांकडे गुणसूत्रे ओढणाऱ्या तंतूंच्या स्पिंडलची आहे. ॲसेटोकार्मिन गुणसूत्रांना गडद रंग देते, पण तुर्कतंतूंना देत नाही. पाठ्यपुस्तकाच्या आकृतीत ध्रुवापासून ध्रुवापर्यंत रेघा काढलेल्या असतात, त्या या स्लाइडवर शोधू नयेत. कंडेन्सरचा डायाफ्राम थोडा मिटला, तर पश्चावस्थेतल्या पेशीत ध्रुवांकडे निघालेल्या गुणसूत्रांच्या दोन गटांच्या मध्ये कण नसलेला, भोवतालच्या पेशीद्रव्यापेक्षा स्वच्छ असा पट्टा दिसतो, आणि तीच तुर्काची जागा. कांद्यासारख्या सपुष्प वनस्पतीच्या पेशीत ताराकेंद्र नसते, त्यामुळे ध्रुवाशी ताऱ्यासारखी किरणेही दिसत नाहीत आणि ध्रुव नेमका कुठे आहे हे सांगणारी वेगळी खूण उरत नाही. ध्रुवीकरणाच्या दोन फिल्म आडव्या-उभ्या लावून मी तुर्क पाहण्याचा प्रयत्न केला, परंतु पेशीभित्तिकेतले सेल्युलोज तेवढे झळाळून उठले आणि पेशीच्या आत अंधार राहिला. शिन्या इनोउए यांनी १९५३ साली ध्रुवित प्रकाशात तुर्कतंतू दाखवले, ते लिलीच्या परागमातृपेशींसारख्या जिवंत पेशींमध्ये. तिथेही त्यांची चमक फार क्षीण असते, आणि माझी मुळे तर आम्ल व अल्कोहोलातून गेलेली आहेत.

तेव्हा तुर्क कसा उभा आहे हे गुणसूत्रांच्या वाकण्यावरूनच वाचावे लागते. पश्चावस्थेत हे सर्वांत सोपे जाते. तुर्कतंतू गुणसूत्राला गुणसूत्रबिंदूपाशी धरून ओढतात, म्हणून तो बिंदू पुढे जातो आणि दोन्ही बाहू मागे फरफटतात. कांद्याच्या बहुतेक गुणसूत्रांत हा बिंदू मध्याच्या आसपास असल्याने इंग्रजी V सारखा आकार होतो आणि त्याचे टोक ध्रुवाकडे रोखलेले असते. एका जोडीत बिंदू टोकाजवळ आहे, तिचा आकार J सारखा दिसतो. ध्रुव दिसत नसला तरी दहा-बारा टोके एकाच दिशेने वळलेली असली की तो कुठे आहे हे कळते.

आता सतरा क्रमांकाची पेशी. छायाचित्रात मधोमध गडद पुंजका होता आणि त्यातून लांब बाहू दोन्ही बाजूंना बाहेर आले होते. सरळ रेघ नाही, म्हणून मध्यावस्था नाही, अशा तर्काने मी तिच्यापुढे प्रोमेटाफेज असे लिहिले. प्रोमेटाफेज म्हणजे केंद्रकावरण विरल्यानंतरचा टप्पा, ज्यात गुणसूत्रे तुर्काला जोडली जातात पण मध्यप्रतलावर अजून स्थिरावत नाहीत.

सुदामा नगरात आमच्या शेजारी वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका राहतात. त्यांनी छायाचित्र पाहून एवढेच विचारले, “बाहू कशाला बघतोस? वाकण कुठे आहे ते सांग.” त्यांचे म्हणणे असे की मध्यावस्थेत रांगेत येतात ते गुणसूत्रबिंदू, संपूर्ण गुणसूत्रे नव्हेत. कांद्याची गुणसूत्रे लांब असल्याने त्यांचे बाहू प्रतलाबाहेर लोंबणारच, आणि आकृतीतली नीटस रेघ फक्त आखूड गुणसूत्रांना शोभते. मी या मुद्द्याकडे आजवर लक्ष दिले नव्हते, आणि माझ्या जुन्या नोंदींतल्या निदान दोन पेशी त्यामुळे चुकीच्या नावाने लिहिल्या गेल्या आहेत.

मग मी त्याच पेशीची सूक्ष्म फोकस थोडा थोडा फिरवत पाच छायाचित्रे घेतली आणि प्रत्येक बाहू मागे त्याच्या वाकणापर्यंत पेन्सिलने गिरवत नेला. कांद्यात १६ गुणसूत्रे असतात, त्यांपैकी ११ स्पष्ट सुटली, बाकीची पुंजक्यात एकमेकांवर होती. अकरांपैकी दहांची वाकणे पेशीच्या रुंदीभर पसरलेल्या एका अरुंद पट्ट्यात बसली. मी प्रोमेटाफेज खोडून मध्यावस्था लिहिले.

अकरावे गुणसूत्र मात्र राहून राहून खटकत होते. त्याचे वाकण त्या पट्ट्यापासून बरेच वर, एका बाजूच्या ध्रुवाकडे होते. दाबताना ते सरकले असेल का? अंगठा तिरका पडला की गुणसूत्रे वाहून जातात, पण तशा वेळी शेजारच्या पेशीही त्याच दिशेने ताणलेल्या दिसतात आणि भित्तिका फाटलेली असते. इथे चारही बाजूंची भित्तिका अखंड होती, शेजारच्या दोन पेशींची केंद्रके गोल होती आणि पुंजक्याच्या दोन्ही बाजूंचा स्वच्छ भाग जवळजवळ सारखा होता. म्हणजे ते गुणसूत्र विस्थापित झालेले नसून मध्याकडे पोहोचायचेच राहिले होते, असे मी मानतो. शेवटचे गुणसूत्र दोन्ही ध्रुवांच्या तंतूंना नीट जोडले जाईपर्यंत पेशी पश्चावस्था सुरू करत नाही, त्यामुळे असे एखादे मागे राहिलेले गुणसूत्र दिसणे अगदी स्वाभाविक आहे. अंतिम नोंद ‘प्रोमेटाफेज, शेवटचा भाग’ अशी केली. नाव पहिलेच राहिले, पण पहिल्या वेळी त्याचे कारण चुकीचे होते.

ही पद्धत जिथे चालत नाही ती जागाही सांगतो. पेशी ध्रुवाकडून दिसत असेल, तर पुंजका फुलासारखा गोल पसरतो आणि वाकणांची रांग दिसणे शक्य नसते. सर्व वाकणे फोकसच्या एकाच पातळीवर स्पष्ट होत असतील तर मध्यावस्था मानता येते, परंतु दाबलेल्या स्लाइडवर पेशी मुळातच चपटी झालेली असल्याने या कसोटीवर मी फारसा विसंबत नाही. अशा दोन पेशी मी प्रश्नचिन्हासह वेगळ्या ठेवल्या आहेत.

पश्चावस्थेचा शेवट आणि अंत्यावस्था यांच्यासाठी मी गटाची कड पाहतो. बाहूंची टोके अजून सुटी मोजता येत असतील तर पश्चावस्था. टोके एकमेकांत मिसळून गटाला गुळगुळीत कड आली असेल, आणि मधल्या स्वच्छ पट्ट्यात आडवी बारीक रेघ उमटली असेल, तर अंत्यावस्था. ती रेघ म्हणजे नवे पेशीपटल. ते मध्यापासून भित्तिकांकडे वाढत जाते, म्हणून सुरुवातीला ते दोन्ही टोकांना अपुरे असते. माझ्या सहा अंत्यावस्थांपैकी दोघींमध्ये ते असे अपुरे दिसले.

पुढच्या आठवड्यात जुन्या चार स्लाइडवरच्या सगळ्या मध्यावस्था वाकणे गिरवून पुन्हा तपासणार आहे.